‘माय कॉन्टॅक्ट्स’ म्हणजे नक्की कोण?

माझी मावसबहीण घरी शिकवण्या घेते. मध्यंतरी एका रात्री तिला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: ‘काल फार उशिरापर्यंत जाग्या होतात?’ पाठवणाऱ्याचं नाव होतं ‘कपाट’. तिला आधी काही कळेचना. मग आठवलं, दोन वर्षांपूर्वी तिने जुनं कपाट विकलं होतं, ते घ्यायला आलेल्या माणसाचा हा नंबर. येण्याची वेळ ठरवायची म्हणून सेव्ह केला होता, तो तसाच राहिला होता.

मला फोन करून ती म्हणाली, “अरे, मी तर सगळं `My contacts` करून ठेवलंय. अनोळखी माणसाला माझी वेळ दिसलीच कशी?”

व्हॉट्सअ‍ॅपच्या दृष्टीने तो अनोळखी नव्हताच. तिच्या फोनमध्ये त्याचं नाव होतं, अ‍ॅपला एवढंच पुरतं. `My contacts` म्हणजे ‘माझी माणसं’ असं आपण मनात धरून चालतो. अ‍ॅपला त्याचा एकच अर्थ माहीत आहे: तुमच्या फोनबुकात सेव्ह असलेले नंबर. आई, जुना घरमालक, एकदाच बोलावलेला प्लंबर, लग्नाचा फोटोग्राफर, तीन नोकऱ्यांपूर्वीचा साहेब, सगळे एका रांगेत.

ही रांग एकाच बाजूने मोजली जाते. तुमचा नंबर कोणाकोणाकडे आहे याला इथे महत्त्व नाही, कोणाचा नंबर तुमच्याकडे आहे हेच पाहिलं जातं. एखाद्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय पण तुम्ही त्याचा केलेला नाही, तर तुमच्या `My contacts` मध्ये तो नाही आणि त्याला काही दिसणार नाही. उलट तुम्ही त्याचा नंबर ठेवलाय आणि तो तुम्हाला कधीच विसरून गेलाय, तरी दार त्याच्यासाठी उघडंच आहे. तुमच्याशी झालेली जुनी चॅट उघडली की त्याला तुमची वेळ दिसते, फोटोही दिसतो. म्हणजे प्रायव्हसीचं सगळ्यात जुनं बटण व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नाहीच, ते तुमच्या फोनबुकात आहे: नंबर डिलीट करणं.

आपल्या रांगेत किती जण आहेत ते पाहायचं असेल तर अँड्रॉइडवर नवीन चॅट सुरू करायचं बटण दाबा. वर `Select contact` लिहिलेलं असतं आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत आकडा. बहिणीचा आकडा होता 412. तिला विचारलं, तुझ्या अंदाजाने किती? म्हणाली, शंभर-सव्वाशे असतील.

आता एकेक बटण पाहू. सगळी एकाच ठिकाणी आहेत: `Settings`, त्यात `Privacy`. फोन मराठीत असेल तर शब्द मराठी दिसतील, क्रम साधारण तोच.

सगळ्यात वर `Last seen and online`. आत गेलं की दोन वेगळे प्रश्न विचारलेले दिसतात आणि बहुतेकांचं लक्ष पहिल्यावरच जातं. पहिला: तुम्ही शेवटचे कधी आला होतात हे कोणाला दिसावं? पर्याय चार: `Everyone`, `My contacts`, `My contacts except...` आणि `Nobody`. दुसरा त्याच्याखाली: तुम्ही आत्ता अ‍ॅप उघडून बसला आहात हे कोणाला दिसावं? इथे दोनच पर्याय, `Everyone` किंवा `Same as last seen`.

गडबड होते ती या दुसऱ्या प्रश्नात. वर `Nobody` केलं, खाली `Everyone` तसंच राहिलं, तर शेवटची वेळ लपते पण तुम्ही अ‍ॅप उघडलं की नावाखाली `online` हा शब्द सगळ्यांना दिसतो. म्हणजे ‘काल 11 वाजता आली होती’ हे कळणार नाही, पण 11 वाजता जो चॅट उघडून बसला असेल त्याला कळेल. आणि कोण बसणार आहे असा टक लावून, असं वाटत असेल तर हे काम करणारी सॉफ्टवेअर आहेत. ती माणसासारखी कंटाळत नाहीत. दिलेला नंबर ऑनलाइन आला की वेळ नोंदवायची, गेला की पुन्हा नोंदवायची, एवढंच त्यांचं काम. आठवडाभराच्या नोंदी समोर ठेवल्या की माणूस कधी झोपतो, कधी उठतो, रात्री मध्येच कधी जागा होतो हे एकही मेसेज न वाचता कळतं. त्यामुळे वरचं बटण बदलणार असाल तर खालचं `Same as last seen` कराच. एक करून दुसरं सोडणं म्हणजे पडदा ओढून दिवा चालू ठेवण्यासारखं.

ही सोय 2022 मध्ये आली. त्याआधी वेळ लपवता यायची, ऑनलाइन असणं लपवता येत नव्हतं. ‘हे तर लपवताच येत नाही’ असं ठामपणे सांगणारे लोक अजूनही भेटतात, त्यांची माहिती तेव्हाची आहे. मात्र `typing…` लपवायचं बटण व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आजही नाही. तुम्ही कोणाला काही लिहीत असाल तर त्याला ते दिसतं, लिहून पुसलं तरी.

या बटणाला किंमत आहे आणि ती रोख घेतली जाते. तुम्ही वेळ लपवली की दुसऱ्यांची वेळही तुम्हाला दिसेनाशी होते. `My contacts except...` मध्ये ज्यांना वगळाल त्यांच्यापुरता हा व्यवहार होतो: त्यांना तुमची दिसत नाही, तुम्हाला त्यांची दिसत नाही, बाकीच्यांशी पूर्वीसारखंच. मला हे न्याय्य वाटतं. गंमत म्हणजे माझ्या ओळखीतले जे लोक ‘आमच्यावर पाळत ठेवतात’ म्हणून सगळ्यात जास्त कुरकुर करतात, तेच हे बटण दाबत नाहीत. कारण विचारलं की थोडं हसतात.

`My contacts except...` मध्ये आणखी एक खाच आहे. ही ‘वगळलेल्यांची यादी’ तुम्ही बनवली त्या दिवसाची असते. आज चार जणांना वगळलंत, उद्या पाचवा नंबर सेव्ह केलात, तर तो पाचवा त्या यादीत आपोआप जात नाही. नंबर सेव्ह करताक्षणी तो ‘आपला’ होतो आणि त्याला सगळं दिसायला लागतं. यादी केल्यावर निर्धास्त झालेली माणसं इथे फसतात.

आता निळी टिक. एक करडी टिक म्हणजे मेसेज तुमच्याकडून निघाला, दोन करड्या म्हणजे समोरच्या फोनवर पोचला, दोन निळ्या म्हणजे वाचला. `Read receipts` बंद केलं की तुम्ही वाचलेले मेसेज पाठवणाऱ्याकडे दोन करड्या टिकांवरच थांबतात. इथेही देवाणघेवाण आहे: तुमच्या मेसेजलाही कोणाची निळी टिक येणार नाही. `Last seen` सारखं इथे ‘अमुक सोडून’ करता येत नाही, सगळ्यांसाठी चालू किंवा सगळ्यांसाठी बंद.

आणि हे बटण वाटतं तेवढं झाकत नाही. ग्रुपमध्ये ते चालतच नाही. ग्रुपमधला स्वतःचा कुठलाही मेसेज दाबून धरून `Info` उघडा, कोणी वाचला आणि कोणापर्यंत नुसता पोचला याची नावानिशी, वेळेसकट यादी येते. तुमची टिक बंद असो वा चालू, त्या यादीत तुमचं नाव असतं. व्हॉइस मेसेजचंही तेच: ऐकलात की समोरच्याला कळतं. म्हणजे एखाद्याला तुम्ही वाचता की नाही हे पाहायचंच असेल, तर तुम्ही दोघं असलेल्या ग्रुपवर ‘सुप्रभात’ टाकायचं आणि `Info` उघडून बसायचं. सकाळी सकाळी फुलांचे फोटो टाकणारे सगळे याच कामाला लागलेत असं माझं म्हणणं नाही.

उलट बाजूने, या बटणासोबत एक गोष्ट न मागता जाते. टिक बंद असेल तर तुमचं स्टेटस कोणी पाहिलं हे तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही कोणाचं पाहिलंत हे त्यांना दिसत नाही. ‘माझं स्टेटस कोणीच बघत नाही’ म्हणून हिरमुसलेल्या माणसाला आधी टिक बंद आहे का ते विचारावं.

विमान मोड लावून मेसेज वाचायची युक्ती अनेकांना माहीत असते. त्यात पावती रद्द होत नाही, फोनमध्ये अडकून राहते आणि नेट चालू झालं की बरेचदा निघून जाते. वरून खाली ओढलेल्या नोटिफिकेशनमध्ये जेवढं दिसतं तेवढं वाचलं तर मात्र टिक निळी होत नाही, कारण चॅट उघडलेलीच नसते.

फोटोचं बटण सोपं आहे आणि त्याच्यावर देवाणघेवाण नाही: तुम्ही लपवलात तरी दुसऱ्यांचे फोटो तुम्हाला दिसतात. पर्याय तेच चार. इथे `Everyone` ठेवायला मला तरी एकही चांगलं कारण सापडत नाही. धंद्याचा नंबर असेल तर बोधचिन्ह लावा, तो वेगळा विषय. स्वतःचा चेहरा, त्यातही मुलांसोबतचा, ज्याच्याकडे नंबर पोचेल त्या प्रत्येकाला दिसावा कशासाठी? नवीन नंबरवर तुमचाच फोटो लावून तुमच्या घरच्यांना ‘नंबर बदललाय, हा सेव्ह कर, जरा पैशांची अडचण आहे’ असा मेसेज पाठवणाऱ्यांना लागतं एवढंच: एक फोटो आणि तुमच्या माणसांचे नंबर. यातली निम्मी सामग्री उघड्या फोटोतून मिळते. आजपर्यंत फोटो उघडा होता आणि आज बदललात तर पुढचं झाकलं जाईल, कोणी आधीच उतरवून घेतला असेल तर तो परत येणार नाही.

फोटो एकदम गायब झाला म्हणून ‘मला ब्लॉक केलं’ असा निष्कर्ष लगेच काढू नये, हेही इथेच सांगून टाकतो. ब्लॉक केलेल्याला जे दिसतं, तेच फोनबुकातून काढलेल्यालाही दिसतं: रिकामा गोल आणि नावाखाली काहीच नाही. फरक मेसेज पाठवल्यावर कळू शकतो. ब्लॉक असेल तर टिक कायम एकच राहते. अर्थात फोन बंद असला तरी एकच राहते, त्यामुळे भांडण करायला हा पुरावा अपुरा आहे.

शेवटचं बटण `Groups`, आणि माझ्या मते चौघांत सगळ्यात कामाचं. बाकीची तीन तुम्ही काय दाखवता ते ठरवतात, हे तुम्हाला कोण उचलून कुठे नेऊन ठेवू शकतो ते ठरवतं. सुरुवातीपासून ते `Everyone` वर असतं. म्हणजे ज्याच्याकडे तुमचा नंबर आहे असा कोणीही, न विचारता, तुम्हाला शेकडो अनोळखी लोकांच्या ग्रुपात टाकू शकतो. गेल्या क्षणी तिथल्या सगळ्यांना तुमचा नंबर दिसतो. तुम्ही पाच मिनिटांत बाहेर पडलात तरी ज्याला टिपून घ्यायचा होता त्याने तो टिपलेला असतो. शेअरच्या टिप्स देणारे, दिवसाला दामदुप्पट सांगणारे, ‘घरबसल्या काम’वाले ग्रुप असेच भरले जातात. तिथे ‘मला आजच पैसे मिळाले’ म्हणून पावत्या टाकणारे सदस्यही बरेचदा ग्रुप चालवणाऱ्यांचेच असतात.

`Groups` मध्ये `My contacts` केलं की बाहेरच्या अ‍ॅडमिनला तुम्हाला थेट घालता येत नाही. त्याने प्रयत्न केला तर अ‍ॅप त्याला सुचवतं की यांना खासगीत आमंत्रण पाठव. ते आमंत्रण तुमच्या चॅटमध्ये येतं, तीन दिवस जिवंत राहतं. स्वीकारलंत तर आत, दुर्लक्ष केलंत तर संपलं. त्या तीन दिवसांत ग्रुपात तुमचा नंबर दिसत नाही.

इथे `Nobody` असा पर्याय नाही. ही सोय 2019 मध्ये आली तेव्हा काही महिने तो होता, मग त्याच्या जागी `My contacts except...` आलं. त्यात सगळे निवडायचं बटण आहे, ते दाबलं की कोणालाच थेट घालता येत नाही. फक्त वर सांगितलेली खाच इथेही लागू: त्यानंतर सेव्ह केलेला नंबर यादीबाहेर राहतो. महिन्या-दोन महिन्यांनी ते बटण पुन्हा दाबावं लागतं.

हे बटण मागचं काही दुरुस्त करत नाही. ज्या ग्रुपांत तुम्ही आधीच आहात तिथे राहता. बाहेर पडताना संकोच वाटत असेल तर हल्ली ‘अमुक गेले’ अशी ओळ सगळ्यांना येत नाही, फक्त अ‍ॅडमिनला कळतं. पण ग्रुपच्या माहितीत अलीकडे सोडून गेलेल्यांची यादी 60 दिवस दिसते, तेव्हा हे अगदीच गुपचूप आहे असंही समजू नका. आणि एखाद्याला ब्लॉक केल्याने तुम्ही दोघं असलेला ग्रुप सुटत नाही. तिथे तो तुमचं लिहिलेलं वाचत राहतो.

दुसरी अ‍ॅप वापरणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. टेलिग्राममध्ये वेळ लपवली तरी अगदी कोरं राहत नाही, नेमक्या वेळेऐवजी ‘नुकतेच’, ‘आठवड्याभरात’ असं मोघम काही दिसतं, आणि तिथे वाचल्याची टिक बंद करता येत नाही. सिग्नलमध्ये ‘शेवटचं कधी’ हा प्रकारच नाही, आणि तिथे टाइप करत असल्याची खूणही बंद करता येते.

तर बहिणीकडे परत. आम्ही पहिलं काम बटणांचं केलं नाही, फोनबुकाचं केलं. 412 नावं वाचायला तिला दोन संध्याकाळी लागल्या. एकेक नावापाशी ती थांबायची, ‘हे कोण बरं?’ म्हणायची आणि आठवलं नाही की डिलीट. एका ठिकाणी अडखळलो: डिलीट केलेली काही नावं दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. फोनमध्ये तिची दोन ईमेल खाती जोडलेली होती आणि जुन्या खात्यात त्याच नंबरांची दुसरी प्रत होती. फोनबुकाच्या सेटिंगमध्ये कुठल्या खात्यातले नंबर दिसतायत ते पाहून जुन्या खात्यातूनही काढावे लागले. फोन बदलतानाही असंच होतं, जुन्या प्रतीतून सगळे परत येतात आणि त्यांच्यासोबत परवानगीही.

शेवटी 168 राहिले. त्यात पालक बरेच होते, ते काढता येण्यासारखे नव्हते. म्हणून वेळेचं बटण `My contacts except...` वर नेलं, पालकांना त्यात घातलं आणि खालचं `Same as last seen` केलं. फोटो `My contacts`. ग्रुपसाठी सगळे निवडून टाकले, कारण दर वर्षी नवा पालक नवा ग्रुप काढतो. निळी टिक मात्र तिने चालूच ठेवली. फीचा मेसेज पालकांनी वाचला की नाही हे तिला कळायला हवं होतं.

मग तपासणी. माझ्या दुसऱ्या फोनचा नंबर तिच्याकडे सेव्ह नव्हता, त्यावरून तिची चॅट उघडली. शेजारी बसून ती व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रोल करत होती आणि माझ्या पडद्यावर नावाखाली काही नाही, फोटोच्या जागी करडा गोल. मग तिने माझा तो नंबर सेव्ह केला. थोड्या वेळात फोटो आला, खाली `online` आलं. तिने लगेच नंबर पुन्हा काढला.

‘कपाट’ला तिने फोनबुकातून काढलंच, शिवाय ब्लॉकही केलं, कारण नुसता नंबर काढला तर वेळ आणि फोटो दिसायचं थांबतं, मेसेज यायचे थांबत नाहीत.